सल्ला हवा: कांदा ग्रेडिंग मशीनचा यू-ब्रॅकेट बाहेरून घेत राहू की प्रेस ब्रेक घेऊन घरीच करू?

सिन्नरकर_फॅब (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. सिन्नरला आमचं छोटं वर्कशॉप आहे, माणसं नऊ. कांदा ग्रेडिंग मशीन बनवतो. वर्षाला सव्वाशेच्या आसपास मशीन जातात आणि त्यातली बहुतेक फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांतच. प्रत्येक मशीनला रोलर धरणारे १६ यू-ब्रॅकेट लागतात, म्हणजे वर्षाला साधारण दोन हजार नग.

ब्रॅकेट ५ एमएम एचआर पत्र्याचा. बेंडची लांबी २०० एमएम, बेंड दोन. दोन्ही पायांना समोरासमोर २०.२ एमएमचं भोक आणि त्यातून २० ची पिन जाते. सध्या व्हेंडर पत्रा, लेझर कटिंग आणि बेंडिंग सगळं धरून २४५ रुपयांना एक देतो.

त्रास दोन. सीझनला माल वेळेवर येत नाही. गेल्या खेपेला बारा दिवस उशीर झाला आणि सहा मशीन अर्धवट उभी राहिली. दुसरं म्हणजे आलेल्या ३२० पैकी ४१ ब्रॅकेटमध्ये पिन सरळ जातच नव्हती. प्रत्येकाला हातोडी, कानस, परत ड्रिल. एकेकाला अर्धा तास गेला.

माझा हिशेब असा: पत्रा १५५ चा, व्हेंडर २४५ घेतो, म्हणजे ९० रुपये त्याला जातात. दोन हजार नगांचे १ लाख ८० हजार. जुना १०० टन, अडीच मीटरचा हायड्रॉलिक प्रेस ब्रेक ७ लाख ८० हजारांना मिळतोय. माझी ताकद ५ लाखांची, वरचं कर्ज काढीन. साडेचार वर्षांत मशीन फुकट. काय वाटतं?

---

कागलचा_बेंडर
दादा, जुनं अजिबात घेऊ नका. मी २०२१ ला नवीन सीएनसी घेतला, बॅकगेजसकट. आज माझ्याकडे एकही बेंड बाहेर जात नाही. डिलिव्हरी आपल्या हातात, क्वालिटी आपल्या हातात. पंचवीस-सव्वीस लाखांत चांगला येतो. बँकवाले मशीनवर कर्ज देतात, हप्ता मशीनच फेडतं. व्हेंडरच्या दारात उभं राहायचं म्हणजे धंदा त्याच्या हातात दिल्यासारखं आहे.

---

ट्रॉली_जळगाव
माझाही अनुभव सांगतो. ट्रॉलीचा मागचा फाळका मी बाहेरून करून घ्यायचो. तो माणूस एका दिवशी शेड बंद करून गावाला गेला, माझी ५० हजारांची उचल अजून त्याच्याकडे आहे. त्यापासून ठरवलं, कुणावर अवलंबून राहायचं नाही. लेझर मशीन घ्यायचं असेल तर फायबरच घ्या, सीओ-टू वाले आता कुणी घेत नाही.

---

सिन्नरकर_फॅब
ट्रॉलीवाले दादा, लेझर नाही, बेंडिंगचं विचारतोय. लेझर बाहेरच राहणार.
कागलकर, २५ लाख माझ्या आवाक्यात नाहीत. ५ लाख म्हटलंय.

---

हिशेब_इचलकरंजी
दादा, तुमच्या हिशेबातली एक गोष्ट बघा. मी दोन फॅब्रिकेशन युनिटचं खातं सांभाळते, ही चूक तिथेही नेहमी दिसते. व्हेंडरचे ९० रुपये म्हणजे तुमची बचत नाही. मशीन घेतल्यावर त्यातलं काय सुटेल आणि काय राहील तेवढंच बघायचं.

लेझर कटिंग बाहेरच राहणार, म्हणजे ते पैसे जाणारच. ब्रॅकेट अडीच किलोचा असला तरी पत्रा अडीच किलोच लागत नाही. नेस्टिंगमध्ये कडा आणि मधलं सांडतं, २ किलो ८०० धरा. ६२ च्या दराने १७४, त्यातून भंगाराचे दहाएक रुपये परत. म्हणजे १६४. लेझरचे २५ आणि शीट नेण्या-आणण्याचे ४ मिळवले की १९३ तुम्हाला घरी केलं तरी लागणारच. सुटणारे राहिले ५२. दोन हजार नगांना १ लाख ४ हजार.

आता त्यातून बेंड मारणाऱ्या दोघांची मजुरी, वीज, तेल आणि डाय-पंचची झीज काढा. मी २६ हजार धरते. उरले ७८ हजार. मशीनला ७ लाख ८०, त्यावर क्रेन, फाउंडेशन आणि टूलिंगचे किमान ६० हजार. ११ टक्क्यांनी ८ लाख ४० चं वर्षाचं व्याजच ९२ हजार होतं. तुमचे ५ लाख घरचे असले तरी ते दुसरीकडे लावले असते, म्हणून त्यावरही व्याज धरायचं. ब्रॅकेट व्याजसुद्धा फेडत नाही.

---

कागलचा_बेंडर
ताई, मजुरी कशाला धरता? माणसं पगारावर आहेतच. बेंड मारला काय आणि नाही मारला काय, पगार द्यायचाच आहे.

---

हिशेब_इचलकरंजी
एप्रिलमध्ये दादांचे दोन वेल्डर प्रेसवर उभे केले तर तेवढ्या तासांत वेल्डिंग कोण करणार? सीझनला त्यांच्या तासाची किंमत पगारापेक्षा जास्त असते, कारण एक मशीन कमी निघालं की त्या मशीनचा सगळा नफा जातो. पावसाळ्यात माणसं मोकळी असतात हे मान्य. पण तेव्हा दोन हजार ब्रॅकेट करून ठेवले तर पावणेचार लाखांच्या वरचा माल कपाटात अडकेल. चार महिने अडकला तर त्याचं व्याज चौदा हजार.

तासही मोजा. तासाला तीस नग धरले तरी दोन हजारांना ६७ तास लागतात. आठ तासांच्या पाळीने आठ-नऊ दिवस. ते मशीन वर्षातले बाकीचे दिवस काय करणार?

---

भोसरी_टूलरूम
ताईंचा हिशेब बरोबर आहे. मी बत्तीस वर्षं टूलरूममध्ये काढली, गेल्या वर्षी निवृत्त झालो. तांत्रिक बाजूने बोलतो.

पहिलं, १०० टन कशाला? ५ एमएम माइल्ड स्टीलला ४० च्या व्ही-डायवर मीटरमागे साधारण ४० टन लागतात. अडीच मीटर सलग बेंड मारायचा असेल तर १०० टन. तुमचा बेंड २०० एमएमचा आहे, त्याला आठ टन पुरतात. विकणाऱ्याने तुमच्या जॉबकडे न बघता स्वतःच्या मशीनचा आकडा सांगितला आहे.

दुसरं, पिन का जात नाही हे तुम्ही शोधलंय का? ते न शोधता मशीन घेतलं तर तोच दोष घरात येईल, फक्त दोष द्यायला व्हेंडर नसेल.

---

पंच_अँड_डाय
काकांशी सहमत नाही. ५ एमएमला १०० टन लागतोच. आमच्याकडे ६० टनी मशीन होतं, ५ एमएमला दमायचं.

---

भोसरी_टूलरूम
किती लांबीच्या बेंडला दमायचं आणि व्ही किती होता? ३२ किंवा २५ चा व्ही लावला असेल तर दमणारच. व्ही अरुंद झाला की टनेज वाढतं.

---

पंच_अँड_डाय
लांबी दोन मीटर होती. व्ही आठवत नाही. बरं, पण बेंडच कशाला? आयएसएमसी चॅनल घ्या, बँडसॉवर कापा, भोकं मारा. लेझर नाही, बेंड नाही, व्हेंडर नाही. मी स्वतः कन्व्हेयरला असंच करतो.

---

भोसरी_टूलरूम
कल्पना वाईट नाही, पण आयएसएमसीच्या फ्लँजला आतून उतार असतो. पिनच्या बाजूला वॉशर किंवा कॉलर टेकवायचा असेल तर तो तिरका बसतो आणि टेपर वॉशर शोधत फिरावं लागतं. शिवाय चॅनलची रुंदी ठरलेली. रोलरला आत किती जागा लागते?

---

सिन्नरकर_फॅब
आत ९० हवेत, आणि कॉलर आतून टेकतो. चॅनल जमणार नाही.

पिन का जात नाही म्हणाल तर बेंडचा कोन चुकतो. गुण्याने बघितलं, काही ८८ अंश, काही ९१.

---

वेर्णा_शीटमेटल
गोव्यातून लिहितोय. जुना प्रेस ब्रेक घेणार असाल तर मेकॅनिकल, फ्लायव्हीलवाला घेऊ नका. आमच्याकडे होता. स्ट्रोक एकदा सुरू झाला की मधे थांबत नाही. आमच्या एका पोराची दोन बोटं गेली. लहान तुकडा हाताने धरला होता, २०० एमएमचाच असेल. लांब शीट असते तेव्हा हात आपोआप लांब राहतात, लहान तुकड्याला हात डायच्या तोंडाशी जातात. बारा वर्षं झाली, तो आता स्टोअरमध्ये आहे. मी ते मशीन विकलंसुद्धा नाही, भंगारात तोडून दिलं.

---

सिन्नरकर_फॅब
हायड्रॉलिक आहे दादा, पाय उचलला की थांबतो. पण लहान तुकड्याचं म्हणालात ते माझ्या डोक्यात नव्हतं.

---

भोसरी_टूलरूम
सिन्नरकर, कोनाबद्दल. ८८ आणि ९१ दिसले म्हणून कोनच दोषी असं नाही. पाय दोन अंश झुकला की भोक मुख्यतः पिनच्या दिशेने सरकतं, वरखाली फारसं नाही. भोक तिरकं झाल्यामुळे थोडी जागा कमी होते. ५ एमएम जाडीत एका अंशाला नव्वद मायक्रॉनच्या आसपास. तुमच्याकडे दोनशे मायक्रॉनची मोकळीक आहे. एक अंश चालून जातो, दोन अंशांना अडकायला लागेल. म्हणजे ८८ वाले काही नग कोनामुळे जातील, पण ४१ च्या ४१ नाही.

घरी एक काम करा. रिजेक्ट झालेले दहा ब्रॅकेट घ्या. सरफेस प्लेट नसेल तर जाड काच चालेल. ब्रॅकेट बुडावर ठेवा आणि दोन्ही भोकांच्या खालच्या कडेची उंची हाइट गेजने, नाही तर व्हर्नियरच्या डेप्थने मोजा. दोन्ही उंचीत फरक आला तर बेंडची रेषा सरकली आहे. उंची सारखी, तरी पिन जात नाही, म्हणजे पत्रा बॅकगेजला तिरका टेकवला होता. मोजून इथे लिहा.

---

नगर_एमआयडीसी_२२
माझं मत, आधी पिन का जात नाही ते शोधा, मग मशीनचं बघा. आणि जुनं घ्यायचं तर हायड्रॉलिकच घ्या.

---

चाकण_जॉबवर्क
मी दुसऱ्या बाजूचा आहे. लेझर आणि बेंडिंगचं जॉबवर्क करतो, म्हणून व्हेंडरकडून काय होतं ते सांगतो. मार्चमध्ये माझ्याकडे एका दिवसात चाळीस जॉब येतात. कुणाचा आधी लावायचा हे तीन गोष्टींवर ठरतं. ड्रॉइंग स्वच्छ आहे का, पत्रा स्टॉकमध्ये आहे का, आणि मागचं बिल आलंय का. बोलताना कुणी हे कबूल करत नाही, पण तसंच असतं. व्हॉट्सअॅपवर हाताने काढलेलं स्केच, वर "मागच्यासारखंच, फक्त भोक दोन एमएम वर" असा निरोप. असा जॉब ऑपरेटर शेवटी ढकलतो, कारण त्यात चूक झाली तर शिव्या त्यालाच खाव्या लागतात.

सिन्नरकर, तुम्ही त्याला पैसे किती दिवसांनी देता?

---

सिन्नरकर_फॅब
खरं सांगायचं तर सीझनला ७०-७५ दिवस होतात. डीलरकडून माझे पैसे यायला वेळ लागतो.

---

चाकण_जॉबवर्क
मग बारा दिवसांच्या उशिराचं कारण सापडलं. मी असतो तरी पंधरा दिवसांनी पैसे देणाऱ्याचा जॉब आधी लावला असता. २४५ मध्ये त्याने तुमच्या पत्र्यात अडीच महिने पैसे अडकवलेत, तेही दरात बसलेलं आहे. पैसे पंधरा दिवसांत द्यायची तयारी दाखवा आणि दर मागा. मी असतो तर २३० ला तयार झालो असतो.

---

हिशेब_इचलकरंजी
यात आयकराचाही मुद्दा आहे. व्हेंडर उद्यम नोंदणी असलेला सूक्ष्म किंवा लघु उत्पादक असेल तर कलम ४३बी(एच) लागतं, २०२४-२५ या करनिर्धारण वर्षापासून. लेखी करार नसेल तर १५ दिवसांत, करार असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे. मुदत उलटली की तो खर्च ज्या वर्षी प्रत्यक्ष पैसे द्याल त्याच वर्षी वजा मिळतो. तुमची मोठी खरेदी फेब्रुवारी-मार्चची, म्हणजे ३१ मार्चला थकलेली रक्कम त्या वर्षीच्या नफ्यात धरली जाऊ शकते. सीएंना या महिन्यातच विचारा.

---

ट्रॉली_जळगाव
पैसे वेळेवर देऊनही व्हेंडर पळतात हो. माझी उचल अजून आली नाही. मी तर म्हणतो पीएमईजीपीतून मशीन घ्या, सबसिडी मिळते.

---

हिशेब_इचलकरंजी
पीएमईजीपी मुळात नव्या युनिटसाठी आहे. आधी पीएमईजीपी किंवा मुद्रा घेतलेल्यांना विस्तारासाठी दुसरं कर्ज मिळू शकतं. दादांचं तसं नसेल तर त्यात वेळ घालवू नका.

---

सिन्नरकर_फॅब
मोजलं. काका, तुम्ही म्हणालात तसंच निघालं. दहापैकी सात ब्रॅकेटमध्ये एका पायाचं भोक दुसऱ्यापेक्षा वर आहे. फरक ०.४ ते ०.९ एमएम. दोन ब्रॅकेटमध्ये उंची सारखी पण पिन तिरकी जाते. एकात कोन ८७ आहे, तो कोनामुळेच गेला.

गंमत म्हणजे सातही ब्रॅकेटमध्ये चूक दुसऱ्या पायातच आहे. व्हेंडरकडे आधी वाकवलेल्या पायावर मार्करची खूण असते, म्हणून कळलं.

---

भोसरी_टूलरूम
ही फार कामाची माहिती आहे. आता नीट वाचा.

त्याचा ऑपरेटर पहिला बेंड पत्र्याची कड बॅकगेजला टेकवून मारतो. दुसऱ्या बेंडला पत्रा फिरवून मोकळी कड टेकवण्याऐवजी, आधी वाकवलेला पायच गेजला टेकवतो, कारण पत्रा फिरवावा लागत नाही आणि वेळ वाचतो. मग पहिल्या बेंडमधली सगळी चूक, पत्रा पाच ऐवजी ५.२ असला तर तो फरक, बेंडच्या त्रिज्येतला फरक, सगळं दुसऱ्या पायात जाऊन बसतं.

उपाय असा की दोन्ही बेंड आपापल्या मोकळ्या कडेवरून मारायचे. लेझरने कापलेली कड आणि भोक यांच्यातलं अंतर अगदी अचूक असतं. त्यामुळे दोन्ही पायांची उंची सारखी येते आणि चूक मधल्या रुंदीत जाते. तुमच्या आतल्या ९० चे ९०.५ झाले तर काही बिघडतं का?

---

सिन्नरकर_फॅब
नाही. कॉलरला एक एमएमची मोकळीक आहे.

---

भोसरी_टूलरूम
मग झालं. ड्रॉइंगवर स्पष्ट लिहा: दोन्ही बेंड मोकळ्या कडेवरून. दोन्ही भोकांच्या उंचीतला फरक जास्तीत जास्त ०.१५ आणि रुंदी ± ०.७ द्या. आत्तापर्यंत तुम्ही बहुतेक सगळीकडे ± ०.५ लिहीत असाल, म्हणजे नको तिथे घट्ट आणि हवं तिथे सैल.

दुसरा उपाय म्हणजे एका पायाचं भोक लेझरमध्ये १८ चं ठेवायचं आणि बेंडनंतर साध्या जिगमध्ये दोन्हीतून २०.२ चं एकत्र मारायचं. ते तुमच्या ड्रिल मशीनवर होईल. नगाला पाच-सहा रुपये खर्च, पण पिन जाणारच. आणि एक गो-गेज करा, २० ची ग्राइंड केलेली पिन दांड्यावर बसवून. व्हेंडरला एक, तुम्हाला एक. त्याने माल भरतानाच पिन घालून बघायची.

बेंडच टाळायचा असेल तर तीन सपाट पट्ट्या लेझरने कापून टॅब आणि स्लॉट देऊन वेल्ड करा. तुमच्याकडे वेल्डर आहेत. मला हाच मार्ग सगळ्यात सरळ वाटतो.

---

कागलचा_बेंडर
वेल्ड केला की पत्रा ओढला जातो, भोकं पुन्हा हलणार. काका, शेवटी मशीन घरात हवं. माझ्या सीएनसीवर गेज आपोआप हलतो, पाय टेकवायचा प्रश्नच येत नाही.

---

भोसरी_टूलरूम
ओढला जातो हे खरं. मॅंड्रेल घालून टॅक करायचा आणि एकाआड एक बाजूने वेल्ड मारायचा. मी करून घेतलंय, पण वेल्डर शिस्तीचा हवा.

---

पंच_अँड_डाय
आणि तुमचे बाकीचे बेंड कुठे होतात? हॉपर, गार्ड वगैरे? ते धरले तर मशीनला काम मिळेल. ताईंनी फक्त ब्रॅकेट मोजला.

---

सिन्नरकर_फॅब
हॉपर १.६ एमएमचा, तो आमच्या हाताच्या फोल्डरवर होतो. गार्डही तिथेच. त्यामुळे प्रेस ब्रेकला ब्रॅकेटशिवाय काम नाही.

---

हिशेब_इचलकरंजी
पंचवाल्यांचा प्रश्न बरोबर होता, मीच विचारायला हवा होता. उत्तर आलं, म्हणजे हिशेब तोच राहतो.

---

कागलचा_बेंडर
जॉबवर्क घ्या ना. मी घेतो. सिन्नरला दोन-दोन औद्योगिक वसाहती आहेत, काम कमी आहे का?

---

चाकण_जॉबवर्क
जॉबवर्क घ्यायचं तर ऑपरेटर, पत्र्याचा स्टॉक, कोटेशन करणारा माणूस आणि टेम्पो, सगळं लागतं. आणि काम मार्चमध्येच येतं, जेव्हा यांचं स्वतःचं तुंबलेलं असतं. पोट भरण्यापुरतं होतं, पण तो वेगळा धंदा आहे.

सिन्नरकर, एक पर्याय अजून आहे. पत्रा तुम्ही घ्या आणि जॉबवर्क चलनावर व्हेंडरला द्या. तो फक्त कटिंग-बेंडिंगचं बिल करेल. माल वर्षाच्या आत परत यायला हवा. मात्र उरलेल्या तुकड्यांचं आधीच ठरवा, नाहीतर तिथे भांडण होतं. माझं दोन गिऱ्हाइकांशी झालंय.

---

सिन्नरकर_फॅब
सगळ्यांचं वाचलं. रात्री आमच्या भावाबरोबर बसून ठरवलं.

प्रेस ब्रेक घेत नाही. ताई, तुमचे ६७ तास डोक्यातून जात नाहीत. व्हेंडर तोच ठेवतोय. काल त्याच्याकडे जाऊन ऑपरेटरला समोर उभं राहून बेंड मारताना बघितलं. काका म्हणाले तसा तो वाकवलेला पायच गेजला टेकवत होता. नवीन ड्रॉइंग दिलं, गो-गेज करायला टाकलाय. पैसे तीस दिवसांत द्यायचं लेखी ठरलं, दर २३४.

पण सीझनला माझा माल त्याच्या हातात पूर्ण राहावा असं मला वाटत नाही. आमच्याकडे बेअरिंग काढायचा ५० टनी एच-फ्रेम हायड्रॉलिक प्रेस आहे. काकांनी आठ टन सांगितल्यापासून तोच दिसतोय. त्याला ४० चा व्ही-डाय आणि पंच करून घेतो, गाइड पिलरसकट. इथल्याच एका व्हीएमसीवाल्याने बावीस हजार सांगितले. लेझरचे सपाट ब्लँक दोनशे जादा आणून ठेवायचे, माल अडला की घरी वाकवायचे.

---

भोसरी_टूलरूम
मी सांगेन, करू नका. त्या प्रेसचा रॅम गाइडेड नसतो, कोन एका टोकाला वेगळा आणि दुसऱ्याला वेगळा येईल. पिलर लावूनही त्यांच्यावर बाजूचा जोर येऊन ते झिजतील. दोनशे जादा ब्रॅकेटच व्हेंडरकडून डिसेंबरमध्ये घेऊन ठेवा. एवढं साधं आहे.

---

हिशेब_इचलकरंजी
काकांशी सहमत. दोनशे तयार ब्रॅकेट ४७ हजारांचे. बावीस हजारांची डाय करूनही ब्लँक घ्यावे लागणारच.

---

वेर्णा_शीटमेटल
करणारच असाल तर पुढे जाळी लावा आणि दोन्ही हात गुंतल्याशिवाय चालणार नाही असा व्हॉल्व्ह बसवा. मागचा टेकू पक्का करा, म्हणजे पत्रा हाताने धरावा लागणार नाही. चुंबक ठेवा. हे मी मनापासून सांगतोय.

---

नगर_एमआयडीसी_२२
मलाही वाटतं डिसेंबरमध्ये स्टॉक करा. पैसे वेळेवर दिले की व्हेंडर वेळेवर देतो.

---

सिन्नरकर_फॅब (पाच आठवड्यांनी)
डाय आली. जाळी लावली, दोन हातांचा व्हॉल्व्ह बसवला, मागे ठोकळ्याचा टेकू वेल्ड केला. वेर्ण्याचे दादा, चुंबकाने धरतो.

पहिले तीस ब्रॅकेट काल मारले. सत्तावीसमध्ये पिन सरळ गेली. तीन तिरके आले, त्या तिघांत पत्रा टेकूला एकाच कोपऱ्यात लागला होता. दोन अंश परत उघडतो म्हणून पंच ८८ पर्यंत दाबतो, त्यासाठी खाली स्टॉपर ठोकळा ठेवलाय. टोकांच्या कोनात अर्ध्या अंशाचा फरक आहे, काकांनी सांगितलेला. तासाला अठराच निघतात.

व्हेंडरचा नवीन लॉट १६० चा आला, ठरल्या दिवशी. गो-गेज चार नगांत गेला नाही.

---

भोसरी_टूलरूम
ते चार मोजा, उंची की तिरकेपणा. आणि पिलरच्या बुशला रोज ग्रीस घाला. शंभर नग झाले की बुश काढून बघा, एका बाजूला चमक आली असेल तर फोटो टाका.

---

कागलचा_बेंडर
तासाला अठरा? माझ्याकडे नव्वद निघतात.